भाग ४ अपडेट: टॅपचं वर्तुळ अखेर जमलं!

ज्येष्ठांना फोन वापरायला शिकवणारे व्हिडिओ मी स्क्रीन रेकॉर्ड करून बनवतोय. बोट टेकलं तिथे ठिपका दाखवणारी अँड्रॉइडची Show taps सेटिंग असते, मागच्या वेळी त्या ठिपक्याचं रडगाणं गायलं होतं ते आठवत असेल. बोट टेकलेलं असेल तेवढाच वेळ तो दिसतो, आपण सवयीने टॅप करतो तेव्हा सेकंदाचा दहावा भाग वगैरे, म्हणजे ३० fps ला जेमतेम ३ फ्रेम, त्यात व्हॉट्सअॅपच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठिपकाही पांढुरका. म्हणून Kdenlive या व्हिडिओ एडिटरमधे वरून जाड केशरी वर्तुळ टाकलं आणि टॅपच्या जागी चांगलं २ सेकंद ठेवलं. दिसायला झकास.

शेजारच्या काकूंना दाखवलं तर वेगळंच. चॅट उघडायला त्यांनी नावावर बोट ठेवलं ते ठेवलंच, चॅट काही उघडेना, फोटोवर टिकमार्क आला आणि वरच्या पट्टीत पिन, डिलीट असले आयकॉन. काकू घाबरल्या, "अरे तू दाखवलंस तेवढाच वेळ दाबलं की मी!" अगदी बरोबर आहे त्यांचं! वर्तुळ जितका वेळ दिसतं तितका वेळ दाबायचं असाच अर्थ लागतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास फोन त्याला लाँग प्रेस समजतो.

मग जागा आणि दाबणं हे दोन वेगळे केले. आधी फ्रेम फ्रीज, त्यावर नुसतं पोकळ वर्तुळ ३ सेकंद, तेव्हा मी सांगतो "या नावावर". मग थांबायचं. मग "टिचकी" म्हणताक्षणी वर्तुळ आतून भरतं, टक आवाज येतो आणि लगेच सगळं गायब, स्क्रीन बदलते. नवीन स्क्रीनवर परत २ सेकंद फ्रीज, काही न बोलता. काकूंनी पहिल्या फटक्यात चॅट उघडली, इतका आनंद झाला की बास!

रिपीटसाठी तीच क्लिप परत चिकटवत नाही आता, दुसऱ्या वेळी दुसऱ्याच माणसाची चॅट उघडतो, नाहीतर "वरून तिसरं नाव" एवढंच लक्षात राहतं.

आवाजाबद्दल एकच, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने स्लो करू नका, शब्द ताणल्यासारखे होतात. नेहमीच्या गतीने बोला आणि Audacity या ऑडिओ एडिटरमधे वाक्यांमधे शांतता भरा, फुकट आहे आणि या कामाला त्याच्याइतकं सोपं मला दुसरं काही सापडलं नाही.

हे लिहिताना सुचतंय, भाग ५ च्या आधी एक छोटा भाग या ज्येष्ठांच्या मुलांसाठीच करावा का? अॅक्सेसिबिलिटीत, किती वेळ दाबल्यावर लाँग प्रेस समजायचं ते ठरवणारं Touch & hold delay असतं (फोनप्रमाणे जागा बदलते), ते Long करून दिलं की हात थरथरणाऱ्यांचा अर्धा त्रास तिथेच कमी. हो, हाच आधी करतो, कॉल उचलण्याचा भाग पुढे ढकलला. तसंही तिथे बोट सरकवायचंय, त्याला वर्तुळ चालणार नाही, बाण टाकला तर बोट टेकवून न उचलता न्यायचंय हे कळत नाही. कोणी स्वाईप नीट दाखवलं असेल तर क्लिप टाका ना.