बहिणीची सिकलसेल तपासणी आणि रोवण्यातलं पाणी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवण्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीने सभा ठेवली होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम सिकलसेलवर बोलायला आल्या होत्या. मी माझ्या धाकट्या बहिणीला मुद्दाम सोबत नेलं. तिचे डोळे पिवळसर असायचे, आणि पावसाळा लागला की मांड्या, कंबर, छाती असं दुखणं फिरत राहायचं. घरात सगळे त्याला वात समजत.

मॅडमनी आधी रक्ताचं समजावलं. या आजारात हिमोग्लोबिनची घडणच जन्मापासून वेगळी असते. त्यातला ऑक्सिजन सुटला की ते एकमेकांना चिकटतं. मग तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. ती जिथे अडकेल तिथे दुखतं. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलं पाणीही ओढलं जातं, आतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि चिकटणं लवकर सुरू होतं. थंडी, ताप आणि अंगमेहनत यांनीही हेच घडतं.

मग त्यांनी विचारलं, "रोवण्याला गेल्यावर दुपारपर्यंत किती पाणी पिता?" बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी एकजण बोलली, "मॅडम, बांधीत आडोसा कुठं आहे? पाणी प्यालं का जावं लागते, म्हणून आम्ही पीतच नाही." बहिणीने मान हलवली. सकाळपासून पाऊस अंगावर, पाय गार चिखलात, दिवसभर कंबर वाकलेली आणि पोटात पाण्याचा घोट नाही. तिचं दुखणं रोवण्यातच का उसळायचं, ते मला तिथे बसल्या बसल्या उमगलं.

पुढचा प्रश्न एका आईचा होता. सिकलसेल असलेला तिचा मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो, म्हणून ती संध्याकाळनंतर त्याला पाणी देत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "ताई, पाणी तोडू नका." या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करून पाणी राखण्याची ताकद लहानपणीच कमी होते. शरीराला पाण्याची गरज असली तरी लघवी पातळ आणि भरपूर होत राहते. म्हणून लघवी पांढरी दिसली की पाणी पुरेसं आहे, हा हिशेब या रुग्णांना लागू पडत नाही. तहानेची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहायचं आणि मुलाला रात्री एकदा उठवायचं. हे मी त्याआधी कुठेच ऐकलं नव्हतं.

सभेनंतर तिथेच तपासणी झाली. बोटाला टोचून घेतलेलं रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. बहिणीची नळी गढूळ झाली. माझीही झाली, आणि मला तर कधी काही दुखलेलं नाही. मॅडमनी सांगितलं की या चाचणीतून वाहक कोण, म्हणजे एकाच पालकाकडून सिकलचा दोष आलेला, आणि दोघांकडून आलेला रुग्ण कोण हे कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती चुकून निर्दोषही येऊ शकते. म्हणून दंडातून रक्त घेऊन इलेक्ट्रोफोरेसिससाठी पाठवलं, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात.

अहवालात माझ्यापुढे एएस होतं, बहिणीपुढे एसएस. मी वाहक, ती रुग्ण. आईबाबांनाही तपासलं तर दोघेही एएस निघाले. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. आधीचं मूल निरोगी म्हणून पुढच्याची शक्यता बदलत नाही. माझ्या बायकोची तपासणी एए आली, म्हणजे तिच्यात सिकलचा दोष नाही. त्यामुळे आमचं मूल वाहक असू शकेल, पण त्याला हा आजार होणार नाही.

बहिणीला फॉलिक ॲसिड आणि पेशींचं वाकणं कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. या दुसऱ्या गोळीसाठी ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं आणि बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. पाण्याचं म्हणाल तर तिला दिवसाला साधारण तीन लिटर सांगितलंय, उन्हात त्याहून जास्त. आता ती रोवण्याला न जाता पऱ्ह्याच्या पेंढ्या बांधते, तेही पाऊस नसेल तेव्हा. वावराच्या कोपऱ्यात आम्ही चार बांबू रोवून जुन्या ताडपत्रीचा आडोसा केला. इतर बायाही तो वापरतात आणि बांधावरचा पाण्याचा गुंड दुपारच्या आत रिकामा होतो.

पाण्याने सगळं भागत नाही, हेही मॅडमनी बजावलं होतं. ताप 101 च्या वर, छातीत दुखून दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा लहान मुलाचं पोट डावीकडे एकाएकी फुगून ते पांढरंफटक पडणं, यातलं काहीही दिसलं तर घरी पाणी पाजत बसायचं नाही. श्रावणात बहिणीला ताप भरला, तेव्हा आम्ही रात्रीच तिला दवाखान्यात नेलं आणि दारातच सांगितलं, ही एसएस आहे.