आमची वाटचाल : दहा पोती म्हणजे किती किलो?

कोल्हापुरात खताचं दुकान चालवायचं म्हणजे उसाच्या तालावर चालवायचं. लागण, भरणी, तोड, मग कारखान्याचं बिल, आणि बिल जमा झालं की आमची उधारी. वडिलांनी आणि मामांनी भागीदारीत दुकान सुरू केलं. पुढं मामांनी भाग काढून घेतला, पण गल्ला आणि ऑर्डरची वही शेवटपर्यंत त्यांच्याच हातात होती. मधली बरी वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माल आला, माल गेला. सांगायचं ते 2018 सालाचं, कारण त्या साली दुकानाला कुलूप लागायचंच बाकी होतं.

धंद्यातल्या माणसाला आठवत असेल. त्या मार्चपासून युरियाचं पोतं 50 किलोवरून 45 किलोवर आलं. शेतकरी खत किलोत नव्हे, पोत्यात मोजतो, तेव्हा पोतंच लहान केलं की युरियाचा वापर आपोआप घटेल, असा सरकारचा हिशेब. दरही त्याच प्रमाणात उतरला. कर आणि निंबोळी लेपाचा खर्च सोडला तर 50 किलोला 268 रुपये होते, ते 45 किलोला 242 झाले. किलोमागं फरक जवळपास नाहीच. पण हे वाचतो कोण? शिवाय जुना साठा संपेपर्यंत बाजारात दोन्ही वजनांची पोती शेजारी-शेजारी उभी. लांबून बघितलं तर ओळखू येत नाहीत.

समोरच्या रांगेत एक मोठं दुकान होतं. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. त्यांच्याकडं जुन्या पोत्यांची थप्पी होती, आमची संपलेली. त्यांनी दारातच 50 किलोचं पोतं उभं करून ठेवलं आणि येईल त्याला सांगायला सुरुवात केली, ‘त्यांच्याकडचं पोतं जोखून बघा, पाच किलो मारलंय.’ पोत्यावर वजन ठळक छापलेलं, शिलाई कंपनीची, तरी बोलणं पसरायचं ते पसरलं. नवीन गिऱ्हाईक तुटलं त्याचं एवढं नाही, पण जुनी उधारी अडकली. ‘पोत्यामागं पाच किलो कापून देतो’ असं लोक तोंडावर म्हणायला लागले. इकडं कंपनीचा माल आगाऊ पैसे भरल्याशिवाय गाडीत चढत नाही. बायकोचे दागिने बँकेत गेले ते तेव्हा.

त्याच दिवसांत शिरोळ तालुक्यातल्या एका अण्णांची चिठ्ठी आली. आमच्या वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. आदल्या दिवशी त्यांनी फोन करून मामांना ‘दहा युरिया’ सांगितलं होतं. मामा ‘बरं अण्णा’ म्हणाले आणि वहीत दहा लिहिलं. सगळा बाजार तसाच लिहायचा. दुसऱ्या दिवशी गाडीवाल्याच्या हाती वहीचं फाडलेलं पान आलं :

‘स.न.वि.वि. काल फोनवर दहा पोती युरिया सांगितला. नवीन पोतं पंचेचाळीसचं आलंय असं ऐकतो. माझी दहा म्हणजे जुनी का नवी? आम्ही मोठ्या भरणीला एकरी अडीच पोती टाकतो, ती पन्नासची. ऊस चार एकर, पूर्वहंगामी. सुपर आणि पोटॅश घेतलेलं आहे. नवीन पोती असतील तर किती पाठवणार आणि दर काय, ते लिहून कळवा. शनिवारी माणसं भरणीला येणार, त्याच्या आधी उत्तर यावं.’

बाकीचे दारात येऊन भांडत होते, या माणसानं सरळ विचारलं. मी त्या रात्री हिशेब मांडला, आणि तो इथं मुद्दाम देतो.

विद्यापीठाच्या शिफारशीत पूर्वहंगामी उसाला हेक्टरी 340 किलो नत्र आहे, म्हणजे एकरी 136. त्यातला चाळीस टक्के हप्ता मोठ्या भरणीला, म्हणजे एकरी साधारण 54 किलो. युरियात नत्र 46 टक्के. तेव्हा एकरी 118 किलो युरिया, चार एकराला 472 च्या आसपास. अण्णांची जुनी दहा पोती म्हणजे 500 किलो, थोडी सढळच. तीच दहा नव्या मापाची दिली तर 450, म्हणजे शिफारशीपेक्षा 22 किलो कमी. ऊस वाळणार नाही, पण भरणीनंतर पुन्हा सरीत शिरून खत देता येत नाही, त्यामुळं राहिलं ते राहिलं. नवीन अकरा पोती दिली तर 495. जुन्या दराने दहाचे 2680, नव्या दराने अकराचे 2662. इथं एक लक्षात ठेवा. अण्णा स्फुरद सुपरमधून देत होते, त्यात नत्र नसतं. डीएपी टाकणाऱ्यानं प्रत्येक 50 किलोच्या पोत्यामागं 9 किलो नत्र आधी वजा करावं, मग युरिया सांगावा. हे कुणी करत नाही, आणि मग ऊस लोळला की दुकानदाराला शिव्या.

मी उत्तर लिहिलं, ‘नवीन पोती, प्रत्येकी 45 किलो, अकरा नग, एकूण 495 किलो,’ आणि खाली दर. कार्बन लावून एक प्रत ठेवली. गाडीबरोबर आमचा जुना दांडीचा काटाही पाठवला. ब्रिटिश काळातला ओतीव लोखंडी, वडिलांनी लिलावात घेतलेला, दांडीवर सरकतं पितळी वजन. इलेक्ट्रॉनिक काटा आज आहे, पण दांडी समतोल होताना माणूस स्वतःच्या डोळ्यानं बघतो, आकड्यावर त्याचा तेवढा विश्वास बसत नाही. अण्णांनी दूध संस्थेच्या दारात चार माणसांदेखत पोतं जोखलं आणि माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. त्या गावची उधारी पंधरवड्यात यायला लागली. बाकीच्या गावांना वेळ लागला, तोवर समोरच्यांचीही जुनी थप्पी संपली आणि त्यांच्या दारातलं ते पोतं गुपचूप आत गेलं. कुणी त्यांना काही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मामांच्या वहीत नगाशेजारी किलोचा रकाना आला. फोनवर ‘दहा’ म्हटलं की आमचा पोरगा ‘पंचेचाळीसची दहा, साडेचारशे किलो, बरोबर?’ असं म्हणून घेतो. काही गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत. आता तर गंधकाचा लेप असलेला युरिया 40 किलोच्या पोत्यात येतो, त्यात नत्र 37 टक्के, म्हणजे पोत्याला 14.8 किलो. साध्या 45 च्या पोत्यात 20.7 असतं. किंमत दोन्हीची 266 रुपये 50 पैसेच. त्यात गंधक मिळतं ते खरं, पण ‘युरिया दहा’ एवढंच सांगितलं तर कुठला गाडीत चढेल हे चढवणाऱ्यावर. विद्राव्य खताचं तर विचारूच नका. ‘एकोणीस दोन’ म्हणजे एक किलोचे दोन पुडे की पंचवीसच्या दोन बॅगा?

आणि हमालाला पोत्याला आकडा लावू देऊ नका. आतली पिशवी फाटली की युरिया हवेतलं पाणी ओढतो, ढेकळं होतात, आणि मग ती ढेकळं फोडायला भरणीच्या दिवशी दोन माणसं जादा लागतात. आमच्या गोदामात आकडा टांगलेलासुद्धा दिसणार नाही.

पाच किलोच्या नावानं कापलेले काही पैसे खातेवहीत अजून येणे दिसतात. मामा गेले, पण ती पानं मी फाडलेली नाहीत.