मंडईचा मनोरा, डबक्यातला

पुण्याच्या फेरीत सिंहगडावर धुकं सोडून काही दिसलं नाही आणि मस्तानी ठीकठाक होती. लिहावंसं वाटतंय ते मंडईबाहेरच्या एका डबक्याबद्दल.

महात्मा फुले मंडईची दगडी अष्टकोनी इमारत १८८६ सालची. तिचा मनोरा सरळ उभं राहून टिपला तर पावसाळ्यात हमखास बेरंग येतो. फोन त्या पांढुरक्या ढगांचा उजेड मोजतो आणि काळा दगड आणखी काळा करून टाकतो. म्हणून आकाश जवळजवळ काढूनच टाकलं आणि खाली पाण्यात पाहिलं.

उभ्याने पाहिलं तर डबक्यात चिखल आणि कोथिंबिरीच्या काड्या. नजर पाण्याला जितकी समांतर, तितकं प्रतिबिंब स्पष्ट. मग उकिडवी बसले आणि फोन उलटा धरला, म्हणजे वरच्या कोपऱ्यातली लेन्स पाण्यापासून बोटभर अंतरावर येते. अडचण एवढीच, की चार्जिंगचं भोक आता आभाळाकडे तोंड करून. फोन झिपच्या पिशवीत होता, लेन्सपुरतं भोक पाडून आणि कडेने चिकटपट्टी लावून, कारण प्लास्टिकमधून काढलेला फोटो दुधाळ येतो. तरी चार्जिंगच्या भोकावर अंगठा ठेवलाच.

"ताई, काय हरवलं का?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं. मनोरा दाखवला, तर त्यांनी स्वतःच्या टोपलीवरची छत्री माझ्या डोक्यावर धरली. पुणेकरांच्या तुसडेपणाचे किस्से सांगणाऱ्यांनी एकदा पावसात मंडईत जावं.

फोकस पाण्यावरच्या काडीवर नाही, पाण्यातल्या मनोऱ्यावर लावायचा. प्रतिबिंब फोनच्या लेखी मनोऱ्याइतकंच लांब असतं. तिथे बोट दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग उजेड थोडा खाली ओढला, तेव्हा दुकानांचे पिवळे दिवे फटफटीत न होता पाण्यात उतरले. दिवे लागल्यावर आणि पूर्ण अंधार पडण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, त्यातच करड्या उजेडाला रंग येतो. दुपारी हेच डबकं मेलेलं होतं.

थेंब पडत असताना मनोऱ्याचे तुकडे होतात. सर ओसरायची वाट पाहायची, आणि ती ओसरली की नेमकी एखादी दुचाकी डबक्यातूनच जाते. ओल्या पडद्यावर थेंबच बटणं दाबत होते, म्हणून सगळे फोटो आवाजाच्या बटणाने काढले.

घरी वहिनी तांदळाचा डबा घेऊन उभी. तांदळाने काही होत नाही, उलट पीठ आत जातं. फोन भोक खाली करून हातावर हलकेच आपटला, पंख्याखाली ठेवला आणि चार्जर रात्रभर लावला नाही. सकाळी गाडी गाठायची होती, तरीही. वहिनी अजून म्हणते, तांदूळ चालले असते.