हॉटेल ट्रेनिंग: हाउसकीपिंग, किचन, फ्रंट डेस्क आणि एक ४१२ नंबरची रूम

पुण्यातल्या एका बिझनेस हॉटेलात माझी इंडस्ट्रियल ट्रेनिंग झाली, आणि नशिबाने क्रम असा मिळाला की आधी हाउसकीपिंग, मग किचन आणि शेवटी फ्रंट डेस्क. बहुतेकांना डेस्क आधी हवा असतो, ब्लेझर घालून उभं राहायला मिळतं ना. पण मला विचाराल तर हाउसकीपिंग आधी केलेलं बरं, कारण डेस्कवर जे विकतो ते तिथेच तयार होतं.

हाउसकीपिंगमध्ये सगळे बेड कसा करायचा तेवढंच बघतात. ते चार दिवसांत हाताला बसतं. बघायची गोष्ट म्हणजे सकाळचं रूम रिपोर्टचं शीट. सिस्टीममध्ये प्रत्येक रूमचं एक स्टेटस असतं, ऑक्युपाइड, व्हेकंट डर्टी, व्हेकंट क्लीन वगैरे, आणि फ्लोअरवरचा माणूस रूम उघडून प्रत्यक्ष काय दिसतंय ते लिहितो. दोन्ही जुळलं नाही की त्याला डिस्क्रेपन्सी म्हणतात आणि खरी गंमत तिथे असते.

एकदा ४१२ डेस्ककडे ऑक्युपाइड दिसत होती. मी ज्यांच्यासोबत होतो त्या दादांनी तीनदा नॉक केलं, "हाउसकीपिंग" म्हणून आवाज दिला, आत गेलो तर बेड विस्कटलेला, टॉवेल ओला, पण कपाट रिकामं, चार्जर नाही, बाथरूममध्ये टूथब्रश नाही. मी चादर ओढायला लागलो तर दादा म्हणाले, "थांब, आधी सुपरवायझर मॅडमना फोन." अशा वेळी बहुतेक दोन शक्यता असतात, एक तर गेस्ट बिल न भरता गेलाय, किंवा नीट गेलाय आणि डेस्कने चेकआउट मारलेलं नाही. इथे दुसरी निघाली, बिल कंपनीच्या नावावर होतं, साहेब पहाटे की-कार्ड काउंटरवर ठेवून एअरपोर्टला गेले, नाइट शिफ्टकडून नोंद राहिली. पण तरी लगेच चेकआउट मारून चालत नव्हतं, मिनीबारमधलं काय प्यायलंय आणि लॉन्ड्रीचं काही बाकी आहे का हे आधी बिलात टाकावं लागतं, नंतर कंपनीकडून ते वसूल करणं अवघड. म्हणून दादांनी फ्रीज उघडून बाटल्या मोजल्या, नंबर सांगितला, आणि मगच बेडला हात लावला. एवढ्या वेळात खाली लॉबीत कुणीतरी अर्ली चेकइनवाला रूमची वाट बघत बसलेला होता हे मला नंतर कळलं.

किचनमध्ये सुरुवातीला कांदे आणि कोथिंबीरच मिळते, त्याबद्दल रडू नका. तिथे रात्री डेस्ककडून येणाऱ्या हाउस काउंटवर लक्ष ठेवा, म्हणजे आज रात्री हॉटेलात किती माणसं झोपणार. उद्याचा ब्रेकफास्ट त्यावर ठरतो, पण नुसता तो आकडा पकडून चालत नाही. समजा ११० माणसं आहेत आणि त्यातली २० जणांची एअरलाइन क्रू पहाटे ४ ला निघणार, तर ती बफेला येणारच नाहीत, त्यांना पॅक करून डबे द्यायचे. उरले ९०, त्यातले काही उशिरा उठणारे, काही नुसती कॉफी घेणारे. म्हणून आमचे शेफ पोहे कधीच एकदम करायचे नाहीत, कारण चेफिंग डिशमध्ये अर्ध्या तासात पोहे कोरडे पडतात, भिजवलेले तयार ठेवायचे आणि बफेवरचं भांडं अर्धं झालं की नवीन फोडणी. बफे बंद होताना कुठल्या भांड्यात किती उरलं ते बघून ठेवा, उद्याचा अंदाज त्यातूनच येतो. बाकी कच्चं चिकन आणि सॅलडचे बोर्ड वेगळ्या रंगाचे, फ्रीजचं तापमान ५ डिग्रीच्या खाली, तारखेचं लेबल, हे तिथे रोज कानीकपाळी ओरडतातच.

डेस्कवर आलो तेव्हा कळलं की दुपारी १२ ते २ हा सगळा खेळ आहे. जाणारे १२ पर्यंत जातात, येणाऱ्यांना २ ची वेळ दिलेली असते, पण गेस्ट ११ लाच बॅग घेऊन उभा. हाउसकीपिंग न केलेला ट्रेनी सरळ सांगतो, "सर, दहा मिनिटं." चेकआउट झालेली रूम पूर्ण करायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्या दादांच्या यादीत अजून बऱ्याच रूम असतात. आमच्या सिनियर मॅडम तोंडभर हसून "बघते" म्हणायच्या आणि पहिला फोन फ्लोअरला करायच्या, कुठली रूम आधी हवी ते सांगायला, आणि मग गेस्टला खरी वेळ द्यायच्या, सोबत लॉबीत चहा. वेळ खरी असली की माणूस चिडत नाही फारसा. त्यांचं अजून एक बघण्यासारखं, शिफ्ट संपताना लॉगबुकमध्ये नुसतं "ऑल ओके" कधी लिहायच्या नाहीत. कुठल्या रूमचा वेकअप कॉल, कुणाची बॅग ठेवून घेतलीय, कोण पहाटे निघणार, सगळं रूम नंबरसकट. कॉलेजच्या ट्रेनिंग रिपोर्टला मी माझी वही तशीच लिहिली आणि व्हायवामध्ये सरांनी बराच वेळ ४१२ वरच विचारलं.