चौथा आठवडा: १३ दात, १९ दात आणि वाळकेश्वरचा चढ

दादरहून पहाटे साडेपाचला सायकलने निघायचं, वरळी, हाजीअली, पेडर रोड करत गिरगाव चौपाटीला उतरायचं, मरीन ड्राइव्हला दोन फेऱ्या मारायच्या आणि शेवटी वाळकेश्वर रोडने तीन बत्तीपर्यंत चढायचं. चार आठवडे हाच मार्ग ठेवलाय, म्हणजे बदललं काय ते नीट कळतं. सायकल साधी आहे. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे ११ ते २८ दातांची आठ गिअरची कॅसेट.

पहिले दोन आठवडे सपाटीवर मी पुढे ५०, मागे १३ वर चालवत होते. सायकल पळतेय असं वाटायचं, ताशी २५ किमी मिळायचे, पण घरी जिना चढताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायचं. ग्रुपमधल्या एका काकांनी मरीन ड्राइव्हवर शेजारून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू सायकल चालवत नाहीयेस, ढकलतेयस. फेरे मोज." उजवा गुडघा वर येतो तेवढे वेळा १५ सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. तेरा आले. म्हणजे मिनिटाला ५२.

हिशोब असा. ७०० बाय २५ चं चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जातं. ५० ला १३ ने भागून २.१ ने गुणलं की पेडलच्या एका फेऱ्यात साधारण ८ मीटर. मागे १९ टाकलं की तेच साडेपाच मीटर, आणि २५ च्या वेगाला ७५ फेरे लागतात. वेग तोच, वारा तोच, म्हणजे एकूण काम तेवढंच. पण प्रत्येक फेऱ्याला पायावर येणारा जोर १३ वर जवळपास दीडपट होता. १९ वर तो भार मांडीवरून निघून थोडा श्वासावर येतो. पहिले तीन दिवस मला दम जास्त लागला आणि ८५ च्या वर गेले की सीटवर उसळायला व्हायचं. म्हणून मी ९० च्या मागे लागले नाही, ७० ते ८० मध्येच राहिले. आठवड्याभरात गुडघा शांत झाला.

चढाची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिनेच. सपाटीवर ५२ फेरे असले तरी सायकल स्वतःच्या गतीने पुढे सरकत राहते. पेडल अगदी वर आणि अगदी खाली असतं तेव्हा पाय फारसा जोर लावू शकत नाही, पण तेवढ्यात वेग पडत नाही. चढावर पडतो. त्या क्षणभरात सायकल मंदावते आणि पुढच्या पावलाला तिला पुन्हा उचलावं लागतं. त्यामुळे तेच ५२ फेरे चढावर कितीतरी जड वाटतात.

तिसऱ्या आठवड्यात चौपाटीहून मी ५०-१९ वरच चढाला भिडले. निम्म्यावर फेरे ४५ च्या खाली आले, घाबरून पूर्ण जोर लावत असतानाच पुढची चकती खाली टाकली आणि चेन आतल्या बाजूला पडली. चेन ताणलेली असताना पुढचा गिअर बदलायचा नाही, हे हात काळे करून कळलं.

आता चढ डोळ्यांसमोर दिसतो पण पायाला अजून लागलेला नाही, तिथेच ३४ वर येते. एक अडचण आहे: नुसतं पुढचं बदललं तर पाय एकदम रिकामे फिरतात. ३४-१३ म्हणजे जवळजवळ ५०-१९ च. म्हणून पुढचं खाली टाकताना मागे दोन-तीन गिअर जड करते, आणि मग चढ वाढेल तसा मागचा एकेक हलका. खूण वेगाची नाही, फेऱ्यांची. ६५ च्या खाली जाऊ लागले की एक क्लिक. क्लिक करताना अर्ध्या फेऱ्यापुरता पाय हलका सोडायचा, मग खडखड होत नाही.

काल सगळा चढ न उतरता झाला. ३४-२८ वर ताशी १० ला ६५ फेरे येतात, तिथे मी बोलू शकत होते. तीव्र तुकड्यात वेग ८ वर आला आणि फेरे ५२. तिथे गिअर संपले. हलका गिअर काम कमी करत नाही, ते फक्त लहान हप्त्यांत वाटतो. हप्ते संपले की वेगच कमी करावा लागतो. मागे ३२ दातांची चकती असती तर त्याच ८ ला ६० मिळाले असते. पण माझा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा आहे, तो ३२ पेलेल का हे कॅसेट घेण्याआधी मेकॅनिकदादांना सायकल दाखवून ठरवायचंय. रविवारी नेते.