एक-दोनशेचा उतार माइल्ड की स्टीप: एका नकाशाच्या फेऱ्यांची गोष्ट

कालव्यातलं जादा पाणी नाल्यात सोडणाऱ्या वाहिनीचं, म्हणजे एस्केपचं, डिझाइन मंजूर करून घेणं हे काम कंटाळवाणं असतं, अवघड नसतं. सर्वेक्षण, एल-सेक्शन, भिंतींची जाडी हे सगळं विनातक्रार पार पडलं. अडलं ते तपासणी तक्त्यातल्या एका रकान्यावर. रकाना असा: 'टप्पानिहाय उतार: माइल्ड / स्टीप', आणि त्याच्यापुढे 'जलपृष्ठ प्रोफाइलचा प्रकार'. एका टप्प्याला एकच अक्षर लिहायचं.

आमची वाहिनी साधी, आयताकृती, काँक्रीट अस्तराची, ३ मीटर रुंद. विसर्ग ६ घनमीटर प्रति सेकंद. वरचा लांब टप्पा १:१०००, त्याखाली ३०० मीटरचा टप्पा १:२००, आणि शेवटी नाला. नाल्याला पूर असला की तोंडाशी पाणी १.१० मीटर खोल उभं राहतं.

आधी क्रिटिकल खोली काढली, म्हणजे जिच्याहून खोल पाणी शांत वाहतं आणि उथळ पाणी वेगाने, ती. ती उतारावर किंवा खडबडीतपणावर अवलंबून नसते, फक्त विसर्ग आणि रुंदीवर ठरते. इथे ती ०.७४ मीटर येते. मग मॅनिंगच्या सूत्राने प्रत्येक टप्प्याची नॉर्मल खोली, म्हणजे एकसारख्या उतारावर पाणी ज्या खोलीला स्थिरावतं ती. ती क्रिटिकलपेक्षा जास्त निघाली तर उतार माइल्ड, कमी निघाली तर स्टीप. वरच्या टप्प्यात १.२३ मीटर आली, म्हणजे माइल्ड. खालच्या टप्प्यात ०.७० आली, म्हणजे स्टीप. नवं, नीट घोटलेलं काँक्रीट म्हणून मी खडबडीतपणाचा आकडा n ०.०१५ धरला होता. रकान्यात 'एस' लिहून नकाशा पाठवला.

बऱ्याच दिवसांनी शेरा आला: 'खालच्या टप्प्यातील उतार माइल्ड असताना स्टीप दर्शविला आहे. दुरुस्तीसह फेरसादर करावे.'

समक्ष गेले तेव्हा कळलं की त्यांच्या तक्त्यात n ०.०१८ पक्का बसवलेला आहे. त्याने नॉर्मल खोली ०.७९ येते, क्रिटिकलच्या वर. म्हणजे त्यांच्या हिशेबाने माइल्ड हे बरोबरच. मी ०.०१८ धरून सगळं पुन्हा केलं, 'एम' लिहिलं आणि पाठवलं. या वेळी फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. तिथले साहेब म्हणाले, "अहो मॅडम, एक-दोनशे म्हणजे स्टीपच की! आणि नवीन अस्तराला ०.०१८ कोण धरतं?" फाइल परत. दोन टेबलांमध्ये अंतर दहा पावलांचं, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं फक्त माझ्या फाइलवरच्या शेऱ्यांतून चाललं होतं.

वैताग आला तरी खरा गुंता माणसांचा नव्हता. ज्या उताराला नॉर्मल खोली नेमकी क्रिटिकलइतकी होते तो क्रिटिकल उतार. आमच्या वाहिनीत n ०.०१५ धरला तर तो साधारण १:२४० येतो आणि ०.०१८ धरला तर १:१६७. आमचा १:२०० बरोबर मधे अडकला होता. हा उतार n च्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून n थोडा हलला तरी तो बराच सरकतो. विसर्ग अर्धा करूनही पाहिला, तर १:२४० चं १:२४५ झालं, म्हणजे फरक जवळपास नाहीच. माइल्ड-स्टीप हे नुसतं तळाकडे पाहून सांगता येत नाही. तोच तळ नवा असताना स्टीप आणि शेवाळ धरून सांधे उखडले की माइल्ड होऊ शकतो.

अक्षर बदललं की पाण्याचं चित्रच बदलतं. अक्षरापुढचा १, २ किंवा ३ एवढंच सांगतो की पाणी नॉर्मल आणि क्रिटिकल या दोन्ही खोल्यांच्या वर आहे, मधे आहे की खाली. ०.०१८ ला वरच्या टप्प्यातलं पाणी एम२ने उतरत उतार बदलतो तिथे ०.७९ पर्यंत येतं, आणि नाल्याच्या १.१० पासून मागे एम१चा फुगवटा लागतो. सगळा प्रवाह शांत. ०.०१५ ला मात्र त्या सांध्यावर पाणी क्रिटिकल खोलीतून जातं, पुढे एस२ने ०.७० कडे घसरतं, मग नाल्यातल्या पाण्याला अडून उसळी घेतं आणि तिथून तोंडापर्यंत एस१ चढतो. त्यातही ही उसळी धड उसळी नसते. ०.७० खोलीला फ्राऊड अंक, म्हणजे प्रवाहाचा वेग भागिले लाटेचा वेग, जेमतेम १.१, उसळीनंतरची खोली ०.७९. पाणी एका जागी फुटत नाही, लाटालाटांनी पुढे जात राहतं. भिंत कुठे उंच करायची हे अशा वेळी कोण सांगणार?

प्रकार ओळखायला मी चित्रं पाठ करत नाही. हे एक सूत्र पुरतं:

```
dy/dx = (S0 - Sf) / (1 - Fr^2)
```

y म्हणजे पाण्याची खोली, x प्रवाहाच्या दिशेने अंतर, S0 तळाचा उतार, Sf घर्षणाचा उतार आणि Fr फ्राऊड अंक. पाणी नॉर्मल रेषेच्या वर असेल तर अंश धन, खाली असेल तर ऋण. क्रिटिकल रेषेच्या वर असेल तर छेद धन, खाली असेल तर ऋण. दोन्ही रेषांच्या वर किंवा दोन्हींच्या खाली असलं तर खोली प्रवाहाच्या दिशेने वाढते: एम१, एम३, एस१, एस३. रेषांच्या मधे असलं तर घटते: एम२, एस२. आधी दोन्ही रेषा एल-सेक्शनवर काढा, मग पाणी कोणत्या पट्ट्यात आहे ते बघा, अक्षर शेवटी.

हे आधीच सांगायला हवं होतं: एक्सेलमध्ये पायऱ्या टाकताना क्रिटिकल खोलीपासून कधीही सुरुवात करू नका. छेद शून्य होतो आणि उत्तर भलतंच येतं. एम२ साठी ०.७५ पासून प्रवाहाच्या वर, एस२ साठी ०.७३ पासून प्रवाहाच्या खाली. ही दिशाही सांभाळायची. क्रिटिकलपेक्षा खोल पाण्याचा ताबा खालच्या बाजूला असतो, उथळ पाण्याचा वरच्या बाजूला.

शेवटी मी अक्षरावर वाद घालणं सोडलं आणि उतारच बदलला. ३०० मीटरमध्ये तळ दीड मीटर उतरायचा होता. तो असा वाटला: पहिले १६७ मीटर १:१००० पुढे चालू, उरलेले १३३ मीटर १:१००. जमीन साथ देत होती, उलट खोदाई कमी झाली. आता खालच्या टप्प्यातली नॉर्मल खोली ०.०१५ ला ०.५५ आणि ०.०१८ ला ०.६२. दोन्ही ०.७४ च्या बऱ्याच खाली, म्हणजे कुठल्याही टेबलावर स्टीपच. उसळीनंतरची खोली ०.९७ किंवा ०.८८, नाल्यातलं १.१० दोन्हींहून जास्त, म्हणून पुरात उसळी वाहिनीतच होते. एस१ची लांबी मोजली तर ती तोंडापासून आत १० ते १८ मीटरवर बसते. तेवढ्या भागात, थोडी सूट धरून, भिंत उंच केली. वरच्या टप्प्याची उंची मात्र ०.०१८ वरच ठेवली, कारण तिथे १.२३ ऐवजी १.४१ मीटर पाणी येतं आणि अस्तर म्हातारं होणारच आहे.

टिपणात दोन्ही n चे आकडे शेजारी-शेजारी दिले, एकासमोर एका टेबलाचा शेरा क्रमांक, दुसऱ्यासमोर दुसऱ्याचा. तुमच्या तपासणी तक्त्यात n ची एकच चौकट असली तरी टिपणात दोन द्या, आणि क्रिटिकल उतार स्वतंत्र ओळीत लिहा. तुमचा उतार त्या दोन आकड्यांच्या मधे पडत असेल तर फाइल पाठवूच नका, आधी उतार हलवा.

मंजुरी आली. शेरा होता, 'रकाना क्र. ७ मध्ये फक्त एकच अक्षर लिहावे.' मी 'एस, दोन्ही n साठी' असं लिहिलं होतं. खोडलं नाही.