कमळ आधी की कमाल?

आंबा, घर, पतंग, साखर हे शब्द शब्दकोशाच्या क्रमाने लावायला माझ्या चौथीच्या वर्गाला फार वेळ लागत नाही. मुळाक्षरं पाठ असतात, पहिलं अक्षर बघायचं आणि रांग लावायची. अडचण सुरू होते ती सगळे शब्द एकाच अक्षराने सुरू झाले की. पहिली दोन अक्षरंही सारखी असली तर वर्गातली निम्मी मुलं अंदाजपंचे लावतात आणि उरलेली शेजारच्याच्या वहीत बघतात.

यंदा मी फळ्यावर सात शब्द लिहिले: कमान, कमी, कमळ, कमाल, कमर, कमिशन, कमाई. मुलांनी लावलेल्या क्रमांत दोन चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, आणि दोन्हींच्या मागे त्यांचा आपापला विचार होता. बऱ्याच जणांनी कमाल आधी आणि कमळ नंतर लिहिलं. का, तर ‘बाई, क सारखा, म सारखा, मग ल आणि ळ. ल आधी येतो.’ बाकीच्यांनी कमी सगळ्यांत वर नेऊन ठेवला, कारण तो दोनच अक्षरी.

पहिल्या चुकीत मुलांची नजर काना ओलांडून पुढे जाते. त्यांच्या लेखी काना-वेलांटी म्हणजे अक्षराला जोडलेली खूण. अक्षर तेच राहतं. शब्दकोशाला मात्र म आणि मा ही दोन वेगळी घरं. म्हणजे कमळ आणि कमाल यांच्यात फक्त पहिलं अक्षर सारखं आहे. दुसऱ्याच अक्षरावर निकाल लागतो, ल-ळ पर्यंत जायचंच नाही.

हे तोंडी सांगून उतरलं नाही. मग मी चौकटींच्या वहीत शब्द लिहायला लावले, एका चौकटीत एक पूर्ण अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट. क, मा, ल. क, मि, श, न. पहिल्या वेलांटीचा इथे वेगळा फायदा झाला, कारण ती छापताना म च्या आधी उभी राहते आणि काही मुलं ती मागच्या क ला चिकटवतात. चौकटीत लिहिलं की ती म च्याच घरात जाते. शब्द एकाखाली एक आले की उभं खाली वाचायचं: पहिली चौकट सगळ्यांची सारखी, सोडून द्या. दुसरीत काय दिसतं? म, मा, मि, मी. भिंतीवरच्या बाराखडीत हाच क्रम आहे. म्हणून म वाले पुढे, मग मा वाले, मग कमिशन आणि सगळ्यांत शेवटी कमी. दोन अक्षरी कमी शेवटी गेला याचं वर्गाला फार आश्चर्य वाटलं.

आता प्रत्येक गटात तिसरी चौकट. म च्या गटात र आणि ळ, म्हणून कमर, कमळ. मा च्या गटात ई, न, ल. स्वर व्यंजनांच्या आधी, म्हणून कमाई, कमान, कमाल. वेगळी चौकट सापडली की थांबायचं, पुढे बघायचं नाही, हा एवढाच नियम मी पाठ करून घेतला. लहान शब्द आधी येतो खरा, पण केव्हा? तो मोठ्या शब्दाच्या सुरुवातीला जसाच्या तसा बसत असेल तेव्हा. कर आणि करवत यांच्यात कर आधी, कारण त्याच्या चौकटी संपल्या आणि तोवर फरक पडलाच नाही.

करवतीवरून पुढचा धडा निघाला. करवत, करार, करुणा हे बाराखडीने लागले. मग मी कर्ज दिलं. रफार ज च्या डोक्यावर असतो, म्हणून बहुतेकांनी क नंतर ज धरला आणि कर्ज पार वर नेला. इथे शब्द सावकाश म्हणायला लावला. क नंतर कानाला र् ऐकू येतो, म्हणजे शब्द र च्याच कुटुंबातला. पण पाय मोडलेला र शब्दकोशात र, रा, रि पासून रौ पर्यंतची सगळी बाराखडी संपल्यावर येतो. म्हणून करवत, करार, करुणा आणि मग कर्ज. कर्ज, कर्ण, कर्म यांची आपसातली रांग त्या र् ला जोडलेल्या ज, ण, म वरून. प्रकाश हा शब्द प च्या शब्दांच्या शेवटाकडे, पौर्णिमेच्याही नंतर का सापडतो, ते एका मुलीने यावरून स्वतःच सांगितलं.

अनुस्वाराला मात्र मी घाबरूनच हात घातला. बाराखडीत कं शेवटी, कौ च्या नंतर. म्हणून मुलं करवत आधी आणि करवंद नंतर लावतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण पुष्कळ शब्दकोश अनुस्वाराचं अक्षर साध्या अक्षराच्याही आधी घेतात. तिथे करवंद आधी, करवत नंतर. दोन्ही पद्धती चालतात, म्हणून कोश हातात घेतला की आधी अ उघडायचा. अंक, अंग, अंधार हे शब्द अकराच्या आधी दिसले तर त्या कोशात टिंब पुढे. औषधानंतर दिसले तर टिंब मागे. क्ष आणि ज्ञ यांचंही असंच. कुठे ते मुळाक्षरांप्रमाणे अगदी शेवटी असतात, कुठे क आणि ज च्या जोडाक्षरांत. क्षमा एका जागी नाही सापडली तर दुसरीकडे बघा, एवढंच सांगते. चौथीतल्या मुलाला यापुढचं शास्त्र कशाला?

ळ चा प्रश्न एका पालकांमुळे आला. त्यांनी सरावाची यादी संगणकावर क्रमाने लावून दिली होती आणि तीत काळा आधी, कावळा नंतर. मुळाक्षरांत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून आपल्याकडे कावळा आधी हवा. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ ची जागा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि मराठीचा क्रम वेगळा सांगितला नसेल तर संगणक त्या जागेप्रमाणेच लावतो. यादी मी हाताने दुरुस्त केली.

मग खरा कोश. पानाच्या डोक्यावर त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा शब्द छापलेला असतो. आपला शब्द त्या दोघांच्या मध्ये बसतो का, एवढंच बघायचं. समजा वर कमर आणि करवत आहेत. कमाल याच पानावर मिळणार, करार पुढच्या पानावर. ही तुलना चौकटींचीच, फक्त आता मनातल्या मनात. जी मुलं चौकटींत पक्की झाली होती ती इथे पटापट पानं उलटू लागली.

एक अडथळा क्रमाचा नव्हताच. धड्यात ‘पाण्यात’ होतं आणि मुलं पाण्या शोधत जोडाक्षरांपर्यंत गेली. शब्दकोशात पाणी असतं. कमावलं नसतं, कमावणे असतं. तेव्हापासून शोधायच्या आधी प्रत्ययाशिवायचा शब्द वहीत लिहायचा आणि त्याच्या चौकटी पाडायच्या, असं ठरवलंय. काही जण अजूनही कोश पहिल्या पानापासून उलटत जातात. त्यांना मी अडवत नाही. वाटेत भलतेच शब्द वाचून होतात.